एका चंद्राचे दोन उपास

नीलम,

तुला न्यायला गाडी खाली येऊन उभी राहिली होती आणि वर आपल्या हॉलमध्ये बायका तुझ्याकडे बघून म्हणत होत्या, "भाग्याची हो, सौभाग्यवती गेली." कराडहून आलेली माझी जाऊ म्हणाली. अंबाल्याहून आलेल्या तुझ्या मावशींनी हिंदीत तेच म्हटलं. शेजारच्या कामाक्षीअम्मांनी "सुमंगली" म्हणत हात जोडले. भाषा तीन, बोलणं एकच. तुझ्या आईनं तुझ्या भांगात शेंदूर भरला, लाल चुनरी पांघरली. जावेनं तुझी ओटी भरली. मी भिंतीशी उभी होते. मला कुणी पुढे बोलावलं नाही आणि मीही गेले नाही, कारण अशा वेळी विधवेनं पुढे व्हायचं नसतं.

पण तुझ्याशी भांडायचं राहिलंय, म्हणून हे लिहितेय.

आपलं भांडण तसं पहिल्या वर्षीच सुरू झालं होतं. तू आणि मंदार बँकेत एकत्र काम करत होतात, लग्न तुम्ही ठरवलंत, आणि मी अंबाल्याची सून कराडच्या सवयीनं स्वीकारली, म्हणजे आधी काळजी केली आणि मग पुरणपोळी. तू चेन्नईतल्या अण्णा नगरच्या या घरात आलीस तेव्हा तुला मराठीतलं "चला" आणि "बास" एवढंच येत होतं. मंदारचे बाबा इथून जवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात होते म्हणून आम्ही इथे आलो आणि ते गेल्यावरही इथेच राहिलो. घरात मी आणि मंदार, दोघंच. घर फार शांत झालं होतं. तू आलीस आणि मिक्सर, मोबाइल, तुझं हसणं, सगळं एकदम चालू झालं.

दिवाळीच्या आधी एक दिवस तू माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिलीस. हिंदीत म्हणालीस, परवा करवा चौथ आहे, आणि मला तुमच्याकडून सरगी हवी. मला सरगी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तू समजावलंस: दिवस उगवायच्या आत सून जे खाते, ते सासूनं द्यायचं असतं. दुधात भिजवलेल्या फेण्या, फळं, सुका मेवा, मठरी, काहीतरी गोड. सोबत बांगड्या, टिकली, मेंदी. ते खाल्लं की उपास सुरू. मग चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

मी पहिल्यांदा पाण्यावरच अडले. चेन्नईच्या घामात पाण्याशिवाय दिवसभर? आणि दुसरं जे होतं ते मला बोलता येईना. शेवटी म्हटलं, "अगं, मी अशी. सवाष्णीच्या व्रताची सुरुवात माझ्या हातनं कशी करायची? कामाक्षीअम्मांना सांगू या का?"

तू तिथल्या तिथे आईला फोन लावलास आणि माझ्या हातात दिलास. त्यांच्याशी ते माझं पहिलं मोठं बोलणं. त्या म्हणाल्या, "बहनजी, सरगी सास देती है. सास का आदमी है कि नहीं, ये कौन पूछता है?" मी फोन परत दिला. दुसऱ्या दिवशी सौकारपेटला गेले. तिथल्या मारवाडी दुकानांत फेण्या मिळाल्या, तोटीचा मातीचा करवाही मिळाला. चुडा घेताना दुकानदारानं विचारलं, सुनेसाठी का? "हो" म्हणताना मला किती बरं वाटलं, ते तुला कधी सांगितलं नाही.

पहाटे मी तुला उठवलं. बाहेर अंधार होता, खालच्या कोपऱ्यावर दूधवाल्याची मोटारसायकल थांबली होती. तू डोळे चोळत ओट्याशी उभी राहून फेण्या खाल्ल्यास, वर पेलाभर पाणी प्यालीस आणि पेला पालथा घातलास. मी माझा चहा ठेवला. तेव्हाच माझी नजर कॅलेंडरवर गेली आणि मी हसायलाच लागले. तू घाबरलीस. मी तुला दाखवलं: आज संकष्टी. मी मंदारच्या जन्माआधीपासून दर महिन्याची संकष्टी करतेय, आणि तुझी वर्षातली ती एक चौथ माझ्या एका संकष्टीवरच येते. तुमचा कार्तिक, आमचा आश्विन, पण तिथी तीच. तूही चंद्र उगवल्याशिवाय जेवणार नाहीस, मीही नाही.

"मतलब हम दोनों का चाँद एक है," तू म्हणालीस.

त्या वर्षीपासून ते आपलं झालं. दिवसभर मी चहा प्यायचे, साबुदाण्याची खिचडी खायचे, तू माझ्यासमोर कोरडे ओठ घेऊन बसायचीस, आणि मला खिचडी गिळवत नसे. तू म्हणायचीस, खा, तुमचा देव मवाळ आहे. त्या दिवशी तू सुईला हात लावायची नाहीस, सुरी धरायची नाहीस. भाजी मी चिरायची. दुपारनंतर आपल्या बिल्डिंगमधल्या आणि मागच्या गल्लीतल्या उत्तरेकडच्या सगळ्याजणी हॉलमध्ये जमायच्या, लग्नातल्या साड्या आणि घागरे घालून. गोल करून बसायच्या, मधे गौरीची मूर्ती, प्रत्येकीच्या पुढ्यात ताट: पेटलेला दिवा, कुंकू, तांदूळ, मिठाई, पाण्यानं भरलेला करवा. गाणं म्हणत ती ताटं एकीकडून दुसरीकडे फिरायची, सात फेऱ्या. सहा फेऱ्यांत काय काय करायचं नाही ते येतं आणि सातवीत ते सगळं मोकळं होतं, हे तूच मला सांगितलंस. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. तिसऱ्या वर्षी तू उठून मला हाताला धरून आणलंस आणि गोलाच्या बाहेर खुर्ची टाकलीस. म्हणालीस, कहाणी ऐकायला कुणाला बंदी नाही.

कहाणीवरूनच आपलं वाजायचं. सात भावांची एक बहीण. माहेरी तिची पहिली करवा चौथ. बहीण भुकेनं कोमेजून गेली, भावांना बघवेना. त्यांनी झाडामागे दिवा धरला, पुढे चाळण धरली आणि म्हणाले, बघ, चंद्र उगवला. तिनं अर्घ्य दिलं, घास खाल्ला, आणि नवरा गेल्याचा निरोप आला. मग वर्षभर ती त्याच्या देहापाशी बसून राहिली आणि पुढच्या चौथीला त्याला परत मिळवलं.

मी म्हणायचे, भावांचं काय चुकलं? जिच्यावर जीव आहे तिची भूक कुणाला बघवते?

तू म्हणायचीस, चुकलं. प्रेमानं केलं तरी खोटा चंद्र खोटाच. आणि तिला विचारलं होतं का कुणी?

दर वर्षी हेच. इतर बायका हसायच्या. त्यांना वाटायचं, सासू-सुनेचा लाडिक वाद आहे. तसा तो होताही, तेव्हा.

संध्याकाळी कहाणी झाली की तू मला बाया, म्हणजे तुमच्याकडचं सासूला द्यायचं वाण, द्यायचीस. ताटात मठऱ्या, मेवा, एक साडी, वर तुझा हात ठेवलेला. माझ्या पाया पडायचीस. पांढऱ्या-करड्या साड्या नेसायची सवय लागलेली मी, पण तू दर वर्षी काहीतरी रंगाचंच आणायचीस. मोरपंखी साडी मी दोन वर्षं कपाटात ठेवली. मग एकदा पिळ्ळयारच्या, म्हणजे इथल्या गणपतीच्या, देवळात संकटहर चतुर्थीच्या अभिषेकाला नेसून गेले. गुरुजींनी काही म्हटलं नाही. देवानंही नाही.

मग वर मोट्टमाडीवर, म्हणजे आपल्या गच्चीवर. इथले लोक म्हणतात तसं तूही मोट्टमाडीच म्हणायचीस. तुझ्या आईचा फोन आधी यायचा की आमच्याकडे निघाला, आणि आपण अजून पूर्वेकडे बघत उभ्या. इथे तो उशिरा येतो. पाण्याच्या टाक्यांच्या मागून आधी तांबूस उजेड, मग एका बाजूनं झिजलेला चंद्र. तू चाळणीत दिवा ठेवायचीस आणि चाळणीतून आधी चंद्राकडे बघायचीस. मग तीच चाळण तशीच मंदारच्या चेहऱ्याकडे वळवायचीस. तो दर वर्षी अवघडायचा, शर्टाची बाही ओढत उभा राहायचा. नंतर करव्याच्या तोटीतून चंद्राला पाण्याची धार द्यायचीस, मंदारच्या पाया पडायचीस, तो पाय मागे घ्यायचा, तू डोळे वटारायचीस. शेवटी तो करव्यातलं पाणी तुला पाजायचा आणि बर्फीचा तुकडा भरवायचा. उपास असा सुटायचा, त्याच्या हातच्या पाण्यानं. मग तू तो करवा माझ्याकडे द्यायचीस, मी माझ्या चंद्राला अर्घ्य द्यायचे, आणि आपण तिघं खाली जाऊन पुऱ्या, छोले, खीर आणि माझे उकडीचे मोदक एकाच पानात घेऊन बसायचो. कामाक्षीअम्मा एकदा हे सगळं बघून म्हणाल्या होत्या, हे तर आमचं नोन्बूच. त्याही नवऱ्यासाठी वर्षातून एकदा उपास करतात. तू त्यांना लगेच विचारलंस, पाणी चालतं का? त्या म्हणाल्या, चालतं, वर लोण्याबरोबर गोड अडैपण खायला मिळते. तू मला म्हणालीस, आई, या देशात सगळ्यात कडक आम्हीच.

ते दुखणं निघालं तेव्हा तू ते मला स्वतः सांगितलंस. मंदारला सांगता येत नव्हतं. छातीत गाठ होती, ती पसरली होती. नंतरचं इथे लिहीत नाही, तू तिथे होतीस. फक्त एवढंच, की औषधाच्या बाटल्या चढवून आलं की डॉक्टर दर वेळी एकच सांगायचे, पाणी पीत राहा, मूत्रपिंडावर ताण येऊ देऊ नका. आणि मी तुझ्यामागे तांब्या घेऊन फिरायचे.

मग शेवटची चौथ आली.

मंदारनं आधीच जाहीर केलं, या वर्षी काही नाही. तू त्याच्याशी वाद घातला नाहीस. आदल्या संध्याकाळी माझ्या खोलीत आलीस, पलंगावर बसलीस. डोक्याला सुती रुमाल होता. म्हणालीस, "आई, सरगी तुम्ही द्यायची असते. मंदारला विचारून देतात का?"

मी तुला म्हटलं, देईन. पण सासू म्हणून देईन आणि सासू म्हणून सांगेन. उद्या तू माझी संकष्टी करायचीस. पाणी, चहा, फळं, खिचडी. उपास चंद्रावर सोडायचा, पण पाणी पिऊन.

तू म्हणालीस, मग तो करवा चौथ नाही.

मी म्हटलं, मग नसू दे.

तुझे डोळे भरून आले. मी तुझ्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर हरले असते. बराच वेळ तू चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत बसलीस. मग म्हणालीस, बरं. इतक्या हळू म्हणालीस, की ते "बरं" मला आजही ऐकू येतं आणि आजही मला कळत नाही की ते आजारी माणसाचं होतं की रागावलेल्या सुनेचं.

पहाटे तू फेण्या खाल्ल्यास. दोन चमचे, तेवढ्याच गेल्या. मी तुझ्या शेजारी बसून एक पेला पाणी प्याले आणि, तू बघत नाहीस असं बघून, पेला पालथा घातला. तुझा निर्जळ उपास घरात कुणीतरी करायलाच हवा होता. विधवेला करवा चौथ नाही, पण संकष्टी आहे, आणि संकष्टीला पाणी पिऊ नये असं ठरवायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. मागायचं काय, तेही मी ठरवलं होतं. मंदारसाठी तू इतकी वर्षं मागितलंस. मी तुझ्यासाठी मागणार होते.

त्या दिवशी बायका जमल्या, पण तू गोलात बसली नाहीस. सोफ्यावर पडून कहाणी ऐकलीस. भावांनी चाळण धरली तिथे माझ्याकडे बघितलंस. मी काही बोलले नाही. घसा कोरडा होता, आणि बोलले असते तर तुला आवाजावरून कळलं असतं.

पण तुला कळलंच. संध्याकाळी बाया द्यायला उठलीस. मठऱ्या कामाक्षीअम्मांच्या हातून मागवल्या होत्यास, साडी ऑनलाइन. मी ताट घ्यायला वाकले आणि भोवंड आली. मंदारनं धरलं. तू ओट्यापाशी जाऊन माझा कप बघितलास. सकाळचा चहा तसाच थंड होता, वर साय धरलेली. खिचडीची कढई कोरी.

"आई, तुम्ही पाणी प्यायला नाहीत?"

मी म्हटलं, विसरले.

तू मंदारला पाणी आणायला सांगितलंस. मी तोंड फिरवलं. तू रागावलीस. इतक्या वर्षांत तू माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हतास. या वयात असं करतात का, साखर खाली गेली तर काय, तुम्हाला उचलायला कोण आहे घरात, असं काय काय म्हणालीस. मी शांतपणे म्हटलं, चंद्र दिसला की पिते. मंदार मध्ये उभा, एकीकडून दुसरीकडे बघत.

आणि तो चंद्र दिसेना. दुपारपासून आभाळ भरून आलं होतं. आश्विनातलं इथलं आभाळ, कधी फाटेल सांगता येत नाही. तुझ्या आईचा फोन येऊन गेला, त्यांचा दिसला होता. आपण तिघं वर गेलो. तुला जिना चढवत नव्हता, मंदारनं जवळजवळ उचलून नेलं. मागच्या गल्लीतल्या बायका पूर्वेला तोंड करून उभ्या होत्या. एक म्हणाली, वेळ झालीय, नाही दिसला तर त्या दिशेला अर्घ्य दिलं तरी चालतं. दुसरीनं शंकराच्या फोटोतल्या जटेवरची कोर बघून सोडला. एकेक जण खाली गेली.

मंदार म्हणाला, तुम्ही दोघीही दिशेलाच द्या. त्यानं मोबाइल पुढे धरला, अंबाल्याच्या चंद्राचा फोटो तुझ्या आईंनी पाठवला होता. "हाच चंद्र आहे, नीलम. आणि आई, तूही. पुरे आता."

तू फोटोकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. "सांगा आई. भावांचं बरोबर होतं ना? बघा हा चंद्र आणि प्या पाणी."

मला तुझी चाल कळली. मी म्हटलं, "नाही. खरा येईल तेव्हा."

तू खुर्चीत मागे टेकलीस आणि हसलीस. म्हणालीस, आता कळलं मी दर वर्षी कशी असते ते?

कळलं, नीलम. जीभ टाळ्याला चिकटते, त्याची सवय होते. पण आपण कुणासाठी तरी हे करतोय म्हणून एक बळ येतं, आणि ते कुणी काढून घेतलं तर राग येतो, ते मला त्या खुर्चीशेजारी उभं राहून कळलं. आदल्या रात्री मी ते तुझ्याकडून काढून घेतलं होतं. तरी आज पुन्हा ती संध्याकाळ आली तर मी पुन्हा तुला पाणी प्यायलाच लावीन. हे दोन्ही खरं आहे. यावर आपण बोलायला हवं होतं.

ढग फाटला तो थोडाच वेळ. टाक्यांच्या बराच वर चढलेला, पांढरा चंद्र. मंदारनं घाईनं दिवा लावला. वाऱ्यानं दोनदा विझला. तू चाळण धरलीस, त्यानं खालून आधार दिला. चंद्र बघितलास, मंदारला बघितलंस. तो या वेळी बाही ओढत नव्हता, सरळ तुझ्याकडे बघत होता. अर्घ्य दिलंस. त्यानं तुला पाणी पाजलं. पाणी तू दिवसभर पीतच होतीस, तरी तू ते असं घेतलंस की जणू पहिलाच घोट.

मग तू चाळण माझ्याकडे वळवलीस.

असं काही करायचं नसतं. कुठल्या कहाणीत नाही. चाळणीच्या जाळीपलीकडे दिव्याच्या उजेडात तुझा चेहरा होता, भुवया गेलेला, आणि तू मला बघत होतीस, अगदी निवांत. मग करवा उचललास आणि तोटी माझ्या ओठांना लावलीस. मी पाणी प्याले. मंदार वळून कठड्याशी जाऊन उभा राहिला.

खाली जाताना तू म्हणालीस, "पुढच्या वर्षी असं करायचं नाही. शब्द द्या."

मी दिला नाही. म्हटलं, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

पुढचं वर्ष आलं नाही. मार्गशीर्ष संपता संपता तू गेलीस, आणि बायका म्हणाल्या, भाग्याची. तू जे मागितलंस ते तुला मिळालं, मंदार आहे. मी जे मागितलं ते मिळालं नाही. मी गणपतीला विचारलं. कुणी कुणासाठी मागितलेलं तो आधी ऐकतो, हे मला समजत नाही, आणि आता समजून घ्यायचीही इच्छा नाही. त्या बायकांना मात्र एक दिवस सांगेन, की आधी जाण्यात भाग्य असतं हे जी कधी कुणाच्या मागे राहिली नाही तिनंच म्हणावं. मी नवऱ्याच्या मागे राहिले, सुनेच्याही मागे राहिले. मला माहीत आहे मागे राहणं काय असतं, आणि तरी तुझ्यासाठी मी तेच मागितलं होतं. तू राहायला हवी होतीस.

पण हे सांगायला मी बसले नव्हते. मंदारचं सांगायचं आहे.

तो जेवत नव्हता, नीलम. ताटावर बसायचा, भात चिवडायचा, फोन आला म्हणून उठायचा. बँकेत डबा नेऊन तसाच परत आणायचा. तुझे दिवस झाले, पाहुणे गेले, तुझ्या आई अंबाल्याला परतल्या, तरी तसंच. गालफडं बसली. मी रागावले नाही. मला आवाज चढवायची भीती वाटत होती.

काल संकष्टी होती. मी नेहमीसारखी केली, पाणी पिऊन, तुझं ऐकून. रात्री वर गेले तर तो माझ्या मागून आला. थंडी होती, म्हणजे चेन्नईची थंडी, कामाक्षीअम्मांनी कानाला मफलर गुंडाळलेला. चंद्र वेळेवर आला. मी अर्घ्य दिलं. वळले तर मंदार तिथेच उभा होता, दोन्ही हात शर्टाच्या खिशाशी धरून, आणि रडत होता. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी त्याला तांब्यातलं उरलेलं पाणी दिलं. तो सगळं प्याला. तांब्या परत देताना म्हणाला, "सकाळपासून काही खाल्लं नाही गं."

खाली आलो. वरण-भात, लिंबू, तूप, बटाट्याची भाजी, दोन मोदक. तो खाली मान घालून जेवला. मी वाढत राहिले. भात संपला तेव्हा त्यानं ताट थोडं पुढे सरकवलं आणि विचारलं, आई, अजून आहे का.

होता. मी वाढला.